पाण्याला हात लावण्याआधी

लक्ष्मीकांतांनी आठ पानं स्वतःच्या हाताने लिहिली होती. बायको गेल्यापासून दीड वर्ष हा माणूस सकाळी उठून खिडकीशी बसायचा तो संध्याकाळी देवळात कीर्तन असेल तरच हलायचा. बत्तीस वर्षं शाळेत हिंदी शिकवलेलं, पण पेनचं टोपणसुद्धा काढत नव्हते. म्हणून सुनेने, मंजिरीने, युक्ती केली. ती घरी बसून कंपन्यांसाठी हिंदी माहितीपुस्तिका लिहायची. पाणी तापवायच्या रॉडचं काम आलं तेव्हा म्हणाली, "बाबा, सुरक्षेचं पान तुम्ही लिहा ना. मला तुमच्यासारखी शुद्ध हिंदी कुठे येते!"

एका पानाची आठ झाली. चार दिवस ते वेळेवर जेवले. तिसऱ्या दिवशी तर भाजीत मीठ कमी आहे म्हणून चक्क भांडले. मंजिरीला इतका आनंद झाला की ती मीठ आणायला धावली.

आज पानं हातात घेतल्यावर मात्र ती पहिल्याच वाक्याशी अडली. अक्षर मोत्यासारखं. भाषा राजदरबारात शोभेल अशी. पण हे पान वाचून कुणी जिवंत राहील का, हे तिला कळेना.

तेवढ्यात फोन वाजला. कंपनीतला अपूर्व. "मंजिरीजी, चारपर्यंत पाठवा हां. नई सडकवरचा प्रेसवाला पाचला मशीन दुसऱ्या कामाला लावेल. फिर सोमवार तक बैठे रहेंगे. आणि पुढे इस्त्रीची पुस्तिकाही तुम्हालाच करायची आहे."

बाबा खुर्चीतून बघत होते. "आवडलं का गं?"

"छान आहे, बाबा," ती म्हणाली, आणि स्वतःचाच राग आला तिला. 'चालणार नाही' म्हटलं, तर पेन पुन्हा खाली ठेवतील, आणि या खेपेला कायमचं. 'छान' म्हणून छापलं, तर कुठल्या तरी न्हाणीघरात...

तिची एक रीत होती. लिहिलेलं कुणाला तरी वाचायला द्यायचं आणि त्या माणसाच्या तोंडाकडे नाही, हातांकडे बघायचं. पोळ्या करायला येणारी मधु आतच होती. या हिंदी मुलखातलीच, पाचवीपर्यंत शिकलेली, बोट ठेवून अक्षर-अक्षर वाचणारी. मंजिरीने अंगणात पाण्याची बादली ठेवली, त्यात रॉड सोडला आणि प्लग एका सुट्या बोर्डात घातला. त्या बोर्डाची वायर कशालाच जोडलेली नव्हती.

"बाबा, बाहेर येता? मधु तुमचं पान वाचतेय."

ते शाल सावरत आले. थंडीतल्या दुपारच्या उन्हात बसले. श्रोता मिळाल्याचं समाधान चेहऱ्यावर.

"मधु, जोर से पढ़ो," मंजिरी म्हणाली. "जो लिखा है, पढ़ते-पढ़ते वही करती जाओ. बिजली नहीं है, डरना मत. समझो पानी गरम हो रहा है, स्विच चालू है."

मधुने ओल्या हाताला पदर लावला आणि बोट ठेवलं. "जल के... ताप... तापमान की जाँच हेतु..." तिने वर बघितलं. "मतलब पानी गरम हुआ कि नहीं?"

"बरोबर," बाबा खूश झाले.

"हाथ डालने..." मधुने वाचलं, आणि हात बादलीत घातला. हात पाण्यातच ठेवून तिने दुसऱ्या हाताचं बोट पुढे सरकवलं. "से पूर्व... स्विच बंद कर... प्लग को सॉकेट से पृथक..."

ती थांबली. पाण्यातल्या हाताकडे बघू लागली.

"अगं, वाक्य तरी पुरं होऊ द्यायचं!" बाबा म्हणाले.

मधु हसली. "बाबूजी, पूरा होने तक तो मैं मर गई ना."

बाबा हसले नाहीत. मंजिरीही नाही. बादलीतलं पाणी हलत होतं, त्यात मधुच्या मनगटातली बांगडी दिसत होती. बाबांनी हात पुढे केला. "निकालो, बेटी. हाथ निकालो." आवाज असा, की मधुने दचकून हात मागे घेतला.

मंजिरीला वाटलं, झालं. आता हे उठतील आणि खिडकीशी जाऊन बसतील.

बाबा उठलेच. पण मधुसमोरच्या पाटावर बसले, गुडघे कुरकुरत. "मंजिरी, कोरा कागद."

तिने धावत आणून दिला.

"मी पूर्वरंगच लावत बसलो गं," ते म्हणाले. "कीर्तनात चालतं ते. बुवा तासभर निरूपण करतील, मग कथेला हात घालतील, कारण श्रोता मांडी घालून बसलेला असतो. ही तर उभी आहे, ओल्या हाताने." मग मधुकडे वळले. "बेटी, घर में रॉड है?"

"है ना. सास को नहलाती हूँ उसी से. लोहे की बाल्टी में."

बाबांचा हात थबकला. "लोखंडाची?" त्यांनी मंजिरीकडे पाहिलं. आठ पानांत बादलीबद्दल अवाक्षर नव्हतं. "आज से नहीं. करंट आया तो पूरी बाल्टी में आएगा." आणि कागदावर पहिली ओळ पडली: धातु की बाल्टी में इस्तेमाल न करें.

मग ते मधुला एकेक गोष्ट करायला लावत गेले आणि तिचा हात जे करी ते लिहीत गेले. रॉड पानी में डालें. पानी निशान तक रखें. फिर प्लग लगाएँ. फिर स्विच चालू करें. एका ओळीत एकच काम. पुढे आलं ते अवघड ठिकाण.

"कृपया पहले स्विच..." त्यांनी लिहायला घेतलं.

"बाबूजी, ये कृपया क्यों?" मधु म्हणाली. "कृपया तो वहाँ लिखते हैं जहाँ ना मानो तो भी चल जाए. मंदिर में लिखा रहता है, कृपया चप्पल यहाँ उतारें. कौन उतारता है?"

मंजिरीला हसू आवरेना. बाबाही हसले, डोळे पुसत.

"पण आज्ञा कशी करायची गं अनोळखी माणसाला? उद्धट नाही वाटणार?"

"आत्ता मधुला 'हाथ निकालो' म्हणालात," मंजिरी हळूच म्हणाली. "उद्धट होतं ते?"

बाबा कागदाकडे बघत राहिले. मग त्यांनी 'कृपया' खोडलं आणि ठळक अक्षरांत लिहिलं:

चेतावनी. स्विच बंद करें. प्लग निकालें. उसके बाद ही पानी छुएँ. चालू रॉड का पानी छूने से करंट लगकर जान जा सकती है.

"करो नको, करें," ते म्हणाले. "आज्ञाही राहते, मानही राहतो."

मधुने पुन्हा वाचलं. बोट, अक्षर, ओळ. स्विचकडे हात गेला. प्लग निघाला. हात बादलीवर क्षणभर थांबला, तिने ओळ पुन्हा एकदा बघितली, आणि मगच पाण्यात बोटं बुडवली. बाबांनी धरून ठेवलेला श्वास सोडला.

साडेतीनला पान अपूर्वकडे गेलं. आठाचं पुन्हा एक झालं होतं. मंजिरी चाचरत म्हणाली, "बाबा, तुमची ती पानं..."

"राहू दे. भाषा चांगली आहे, कुठे तरी उपयोगी पडेल." ते मधुकडे वळले. ती चप्पल घालत होती. "बेटी, ये पन्ना सास को पढ़कर सुना देना."

"उनको तो दिखता ही नहीं, बाबूजी. और मेरी कौन सुनता है! कहती हैं, तू मेरी सास है क्या."

बाबांनी शाल झटकली, पेन सदऱ्याच्या खिशाला लावलं. "घर कितनी दूर है?"

"पास में ही. दाल बाज़ार के पीछे."

"चल. मी वाचून दाखवतो. आवाज आहे माझा अजून." दाराशी थांबून त्यांनी सुनेला विचारलं, "आणि मंजिरी, इस्त्रीची पुस्तिका कधी येणार म्हणाला होता तो अपूर्व?"