प्रत्येक पानावर घरचं माणूस

ज्या क्लिनिकची वेबसाइट सुधारायचं काम माझ्याकडे आलं, त्याच वेबसाइटने वर्षभरापूर्वी मला दारातून परत पाठवलं होतं. माझा डावा कान मंदावत चालला होता. चाचणी करून घ्यावी म्हणून पान उघडलं, तर ठळक अक्षरांत लिहिलेलं: ‘सोबत घरचं माणूस आणणं आवश्यक.’ माझं घरचं माणूस म्हणजे दादा. तो दूर देशी, भेटतो तोही रविवारी फोनवरच. शेजारणीशी माझं नातं जिन्यात हसण्यापुरतं. मी पान बंद केलं आणि कान तसाच ठेवला.

आता तीच पानं छापून मी जेवणाच्या टेबलावर पसरली. एकटं जेवणाऱ्याचं टेबल नेहमी रिकामं असतं, हा त्यातला फायदा.

काय पसारा होता! ‘अनुभवी तज्ज्ञ’ प्रत्येक पानावर. ‘चाचणी अजिबात दुखत नाही’ इतक्यांदा, की न घाबरणाऱ्यालाही धास्ती बसावी. ‘श्रवण चाचणी’ आणि ‘कानाची तपासणी’ ही दोन पानं तर जुळ्या बहिणी. शोधणाऱ्याला कधी ही दिसे, कधी ती, आणि माहिती दोघींकडे अर्धीमुर्धी. मी प्रत्येक पानाच्या डोक्यावर पेन्सिलीने त्याचं एकच काम लिहीत गेले. हे पान चाचणीत काय होतं ते सांगेल, हे फी सांगेल, हे कानाच्या यंत्राबद्दल. ज्याला स्वतःचं काम सांगता येईना, त्यातलं कामाचं तेवढं दुसऱ्या पानात घालायचं, आणि जुन्या पत्त्यावर येणाऱ्याला आपोआप तिकडे पोचवायचं. प्रत्येक दाव्याला एकच घर. बाकीच्या पानांनी फार तर तिकडची लिंक द्यायची.

घरच्या माणसाचं वाक्य मात्र सगळीकडे ठाण मांडून बसलेलं. यंत्राच्या सगळ्यात जुन्या पानावर होतं, ‘शक्यतो घरचं माणूस सोबत आणा.’ मग कुणीतरी ते उचलून दुसरीकडे चिकटवताना ‘शक्यतो’ गाळलं. तिसऱ्याने ‘आवश्यक’ केलं. खोटं कुणीच बोललं नव्हतं, जो तो थोडं थोडं ताणत गेला. आणि मी वर्षभर एका कानाने जगत होते. मला संताप आला, आणि संताप करायलाही घरात कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बैठकीला मी क्लिनिकच्या डॉक्टरीणबाईंच्या डाव्या बाजूला बसले, म्हणजे माझा धड कान त्यांच्याकडे. गेले दोन आठवडे आमच्या अशाच बैठका चालल्या होत्या.

“हे वाक्य नेमकं कशासाठी आहे?” मी विचारलं.

“यंत्र बसवताना,” त्या म्हणाल्या. “ओळखीच्या आवाजावर लावून बघितलं की पेशंटला लगेच कळतं, बरोबर ऐकू येतंय का ते. शिवाय ऐकायला दोन डोकी असली की सूचना लक्षात राहतात.”

“आणि पहिल्या चाचणीला?”

“पहिल्या चाचणीला कशाला हवंय कोणी? आत केबिनमध्ये तर एकट्यानेच बसायचं असतं.”

मी छापलेली पानं त्यांच्यापुढे सरकवली. त्यांनी एकेक वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“अहो, हे तर मीच मंजूर केलंय,” त्या हळूच म्हणाल्या. “प्रत्येक वेळी एकेकच पान समोर यायचं ना. सगळी शेजारी ठेवून कधी बघितलीच नाहीत. किती जण परत गेले असतील?”

एक तरी गेलेली मला माहीत होती. मी सांगितलं नाही. वाक्याला यंत्राच्या पानावर ठेवलं, ‘शक्यतो’सकट. बाकी सगळीकडून काढलं. चाचणीच्या पानावर नवी ओळ घातली: ‘एकटे आलात तरी चालेल.’

नवी पानं सुरू झाली त्या दिवशी पहिली वेळ मीच घेतली. चाचणी झाली. डावा कान बराच गेला होता. वर्षापूर्वी आले असते तर यंत्राची सवय लवकर झाली असती, एवढंच डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पुढच्या खेपेला यंत्र बसवलं.

“आता ओळखीचा आवाज हवा,” त्या म्हणाल्या. “कुणाला फोन लावू या?”

मी डोकं खाजवलं. दादा त्या वेळी झोपलेला असणार. ऑफिसातले सगळे माझ्याशी टाइप करून बोलतात. गेल्या महिन्यात मी सगळ्यात जास्त कुणाला ऐकलं, याचा हिशोब मांडायला वेळ लागला नाही.

“तुमचाच आवाज,” मी म्हणाले.

त्या हसल्या नाहीत. खुर्ची उचलून माझ्या डाव्या बाजूला आल्या, बसल्या आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, “आज जेवलात का?”

मला स्वच्छ ऐकू आलं. मी रडायला लागले, आणि तेवढ्यापुरतं तरी बरं वाटलं की सोबत घरचं कुणी नव्हतं.