मामानं न मोजलेले कोपरे

काँक्रीट ओलं असतानाच त्यावर पावलं उमटली, आणि गवंड्याच्या तोंडचं पाणी पळालं. पावलं बाहेरच्या कडेनं फिरली होती, टाचेला अंगठा लावत, कुणी जागा मोजत चालावं तशी. उजव्या पायाची करंगळी नव्हती. त्या पायाचा माणूस गवंड्यानं स्वतः खांदा देऊन पोचवला होता. तो त्याचा मामा.

गोठ्याच्या मालकीणबाईंचा जुना हौद मामानंच बांधलेला. चारही कोपऱ्यांतून तो गळायचा आणि शेवटी तिथूनच ढासळला. म्हशी घोटभर पाण्यासाठी बादलीवर डोकी आपटू लागल्या, तेव्हा बाईंनी नाइलाजानं भाच्याला बोलावलं. नाइलाजानं, कारण भाचा विटा चोरतो ही कीर्ती खुद्द मामानं करून ठेवली होती. मामाच्या हौदाला दरवेळी विटा कमी पडायच्या, आणि हाताखाली एकटा भाचाच असायचा. मामा त्याच्याशी अबोला धरून गेला. बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, की एक वीट जरी इकडची तिकडं झाली, तर गावात तुला कुणी घमेलंसुद्धा उचलू देणार नाही.

हौद आतून दहा फूट लांब, तीन फूट रुंद, दोन फूट खोल हवा होता. भिंत नऊ इंची. गवंड्यानं दोन्ही बाजूंच्या भिंती धरल्या: बाहेरून साडेअकरा बाय साडेचार. तळ त्याच मापाचा, सहा इंच जाड, म्हणजे जवळपास सव्वीस घनफूट काँक्रीट. आतल्या मापानं ओतलं असतं तर पंधरातच भागलं असतं, पण मग भिंती मातीवर उभ्या राहिल्या असत्या. भिंतींसाठी बाहेरच्या चौकोनातून आतला वजा केला आणि दोन फूट उंचीनं गुणलं. साडेत्रेचाळीस घनफूट. घनफुटाला सांध्यांतल्या सिमेंटच्या मसाल्यासकट चौदाहून थोड्या जास्त विटा, म्हणजे सहाशे एकोणीस. तेवढ्या मोजून उतरवल्या.

पावलं त्यानं थापीनं गुपचूप पुसली. तळ सुकला. भिंत धरायच्या दिवशी भर दुपारी तो भाकरी खाऊन आला, तर विटांचा ढीग खचलेला. मोजल्या. चौसष्ट गायब.

मालकीणबाई कमरेवर हात ठेवून आल्या. मेलेला माणूस खोटं कशाला बोलेल, असं म्हणाल्या. संध्याकाळपर्यंत विटा दिसल्या नाहीत तर त्या चार माणसांना बोलावणार होत्या.

गवंडी ढिगाशी बसला. चौसष्टच का? चोर असा नेमका कसा? मग त्याच्या अंगावर सरसरून काटा आला. मामा जन्मभर कुंपणाच्या सरळ भिंती बांधत आलेला. लांबी, जाडी, उंची, झाला हिशेब. हौदालाही तो तेच लावायचा: आतून दहा, तीन, दहा, तीन, सव्वीस फूट भिंत. एकोणचाळीस घनफूट, पाचशे पंचावन्न विटा, बरोबर चौसष्ट कमी. कोपऱ्याशी त्याची कधी ओळखच झाली नव्हती. आणि मेल्यावरही म्हातारा प्रामाणिक होता: भाच्यानं जास्तीच्या मागवलेल्या विटा त्यानं उचलून मालकिणीसाठी राखून ठेवल्या होत्या.

गवंडी उठला. मसाला न लावता त्यानं आतल्या मापाला ताणलेल्या दोरीवर पहिला थर मांडला, अगदी मामाच्या मापानं. दोन भिंती दहा-दहा फुटी, दोन तीन-तीन फुटी. चारी कोपऱ्यांत नऊ बाय नऊचं भोक राहिलं, दोन विटांचं. गोठ्यात म्हशी रवंथ करायच्या थांबल्या. सगळ्यांची तोंडं एकाच रिकाम्या कोपऱ्याकडे वळली.

तिकडेच बघून तो हळूच म्हणाला, "मामा, इथं बघ. एका थराला आठ, आणि थरही आठ. मी नेल्या नव्हत्या रे. तू मागवल्याच नव्हत्यास."

त्याला तिथं उभं राहवेना. विहिरीवर जाऊन त्यानं तोंडावर पाणी मारलं आणि परत आला. चारही भोकं बुजली होती. विटा अशा बसल्या होत्या की फटीत नख जाऊ नये, आणि उरलेल्या छप्पन्न ढिगावर रचलेल्या. कोपऱ्यातली एक वीट त्यानं मसाला घालायला उचलली. ती कोमट होती, नुकतीच कुणाच्या तळव्यातून सुटावी तशी.

मग काम असं चाललं की सांगून कुणाला पटायचं नाही. हा भिंतीच्या मधोमध थर लावत कोपऱ्याशी पोचायचा, तर कोपरा आधीच सांधलेला, मसाल्यासकट, ओळंब्यात सरळ. हा मुकाट पुढचा थर धरायचा. म्हाताऱ्याला कामात बडबड खपत नसे.

ऊन कलल्यावर मालकीणबाई पुन्हा आल्या. आठवा थर पुरा होत होता, ढीग संपला होता. त्यांनी हौदाला एक फेरी घातली. समोरच्या कोपऱ्यावर एक जुनी थापी टेकलेली होती, आणि गवंड्याच्या हातात त्याची स्वतःची होती. बाईंनी ती मामाची थापी ओळखली. चार माणसांचं नाव त्यांनी काढलं नाही. आत गेल्या आणि चहा घेऊन आल्या. एक कप गवंड्याच्या हातात दिला. दुसरा कोपऱ्यावर ठेवला, आणि पदर डोक्यावर ओढून घेतला.