डावीकडचा लॅपटॉप

ऑफिसात त्याला सगळे ‘तराजू’ म्हणत. फोटोग्राफरने हे नाव चेष्टेत ठेवलं होतं, पण ते असं चिकटलं की नव्या माणसांना त्याचं खरं नाव विचारून घ्यावं लागे. लॅपटॉपची परीक्षणं छापणाऱ्या त्या मासिकात त्याने अकरा वर्षं काढली होती, आणि दोन लॅपटॉप तोलायचे कसे हे त्याच्याकडूनच शिकावं. कशाला किती गुण, हे खोकी उघडायच्या आधी ठरवायचं. दोघांवर तेच सॉफ्टवेअर, तोच पॉवर मोड. पडद्याचा उजेड ‘पन्नास टक्के’ असा लावायचा नाही, कारण एकाचे पन्नास म्हणजे दुसऱ्याचे सत्तर असू शकतात. मीटर लावून मोजायचा. प्रत्येक चाचणी तीनदा घ्यायची. आणि एक फेरी झाली की दोघांची जागा बदलायची, कारण टेबलाच्या दोन्ही बाजू सारख्या असतात असं धरून चालणं हा आळस आहे. हे वाक्य त्याचंच, भिंतीवरच्या नियमांच्या कागदावर सातव्या क्रमांकाला लावलेलं.

आता असा माणूस जिथे चुकला ती जागा म्हणजे नेमका हा सातवा नियम. बरं, तो नियम विसरला असता तर एक वेळ सोडून देता आलं असतं.

त्या महिन्यात तुलनेला एका मोठ्या कंपनीचा लॅपटॉप होता आणि एका लहान कंपनीचा. लहान कंपनीचा ज्याने घडवला, तो मुख्य डिझायनर म्हणजे तराजूच्या थोरल्या बहिणीचा नवरा. कंपनीने आजवर दुसऱ्यांसाठी सुटे भाग बनवले होते, स्वतःचा लॅपटॉप हा पहिलाच, आणि भावोजींची त्यात चार वर्षं गेली होती. एक मोठी शिक्षणसंस्था सगळ्या शाळांसाठी लॅपटॉप घेणार होती आणि या तुलनेची वाट बघत होती. ती मागणी मिळाली तर विभाग चालणार, नाहीतर टाळं लागणार, हे ताईने त्याला जेवताना सांगून ठेवलं होतं. मागितलं मात्र काही नव्हतं.

त्याने संपादकबाईंना नातं आधीच सांगितलं. त्या म्हणाल्या, “दुसरं आहे कोण इथे करायला? परीक्षणाखाली नातं उघड करू. तुझ्यावर माझा विश्वास आहे.”

दोन्ही लॅपटॉप टेबलावर शेजारी शेजारी, वीतभर अंतरावर ठेवले. उजवीकडे मोठ्या कंपनीचा, डावीकडे भावोजींचा. एकाच खोलीत, एकाच वेळी, म्हणजे हवा दोघांना सारखीच, असा त्याचा हिशेब. दोघांना तोच व्हिडिओ रूपांतर करायला दिला, अर्धा तास पूर्ण ताकदीने. बाराव्या मिनिटाला डावीकडचा मंदावला. चिप फार तापली की स्वतःला वाचवायला वेग कमी करते, तसंच झालं. शेवटी त्याचा वेग एक तृतीयांशाने उतरला होता. उजवीकडचा आपला शांतपणे चालत होता.

मासिकाच्या पद्धतीप्रमाणे त्याने पहिल्या फेरीचे आकडे दोन्ही कंपन्यांना कळवले. तासाभरात भावोजींचा फोन आला.

“हे आमच्याकडे कधी झालेलं नाही रे. शेकडो वेळा चालवलाय. तू जागा बदलून बघितलीस का?”

“भावोजी, अजून दोन फेऱ्या बाकी आहेत.”

“तेच म्हणतोय. बदलून बघ एकदा.”

फोन ठेवला तेव्हा फोटोग्राफर समोरच बसला होता. “काय, पाहुण्यांचा फोन?” एवढंच तो म्हणाला आणि हसला. हसण्यात वाईट काही नव्हतं. पण तराजूच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

जागा तो बदलणारच होता. पण आता बदलली तर ती नियमाने बदलली की नातेवाइकाच्या सांगण्यावरून, हे कोण ठरवणार? आपला तो बाब्या, असं लोकांनी म्हणायला नको. तो चाचणीच्या खोलीत गेला, टेबलापाशी बराच वेळ उभा राहिला, आणि लॅपटॉप होते तिथेच ठेवून उरलेल्या दोन फेऱ्या त्याने चालवल्या. तिन्ही वेळा तेच. त्याला हायसं वाटलं, हे सांगायलाच हवं. निकाल भावोजींच्या विरुद्ध गेला होता, म्हणजे आपण स्वच्छ राहिलो, असा अर्थ त्याने लावला. माणूस स्वतःला फसवतो तेव्हा साक्षीदारही स्वतःच आणतो.

परीक्षणात त्याने लिहिलं, “जड कामात दम टाकतो. शाळांनी घेऊ नये.” दुसरं वाक्य नसतं लिहिलं तरी चाललं असतं. चाचण्या कशा घेतल्या त्या चौकटीत मात्र ‘फेऱ्यांमध्ये जागा बदलून’ हा नेहमीचा मजकूर तसाच छापून गेला. तो दरवेळी आपोआप जायचा; त्याने वाचला, आणि खोडला नाही.

शिक्षणसंस्थेने महिन्याच्या आत मोठ्या कंपनीशी करार केला. भावोजींचा विभाग बंद झाला. सोळा माणसं घरी बसली, त्यांत भावोजी.

सात आठवड्यांनी तिसऱ्याच कुठल्या कंपनीचा लॅपटॉप तुलनेला आला. समोर तोच मोठ्या कंपनीचा, पुन्हा उजवीकडे. बाराव्या मिनिटाला डावीकडचा मंदावला. तराजूने नियमाप्रमाणे जागा बदलली, आणि दुसऱ्या फेरीत कोणीच मंदावलं नाही. त्याने लॅपटॉप परत आधीच्या जागी ठेवले, चाचणी लावली आणि दोघांच्या मधल्या वीतभर जागेत हात धरला. मोठ्या कंपनीचा लॅपटॉप आपली गरम हवा डाव्या कडेने बाहेर फेकत होता. शेजारच्याच्या हवा ओढायच्या जाळीपाशी तापमापक धरला. खोलीत चोवीस अंश होते, तिथे पस्तीस.

भावोजींचा लॅपटॉप अजून कपाटातच होता. परत न्यायला कोणी आलंच नव्हतं. त्याने तो काढला, जाळी तपासली. तीही उजव्या कडेला. मग टेबलावर एकटाच ठेवून तीन फेऱ्या चालवल्या. अर्धा अर्धा तास, एकदाही मंदावला नाही. मोठ्या कंपनीचाही एकटा चालवून बघितला. भावोजींचा किंचित पुढेच होता.

त्याने संपादकबाईंना सगळं सांगितलं, फोनचं आणि चौकटीचंसुद्धा. बाईंनी तो जुना अंक काढून चौकट वाचली. मग म्हणाल्या, “दुरुस्ती छापू. जेवढी मोठी तुलना होती तेवढीच मोठी.” छापलीही. पण वरातीमागून घोडं ते. शाळांमध्ये लॅपटॉप पोचले होते.

अंक घेऊन तो ताईकडे गेला. भावोजी खिडकीपाशी बसले होते, दाढी वाढलेली. त्यांनी दुरुस्ती सावकाश वाचली, दोनदा.

“मला हे तेव्हाच लक्षात यायला हवं होतं,” ते म्हणाले. “आम्ही कायम एकटाच ठेवून चालवला. शेजारी कोणी असेल असा विचारच केला नाही.” आणि अंक घडी घालून परत दिला.

रागावले असते तर त्याला बरं वाटलं असतं.

ताई त्याला सोडायला दारापर्यंत आली. “एक विचारू? खरं सांग.”

“विचार.”

“हा लॅपटॉप कुणा अनोळखी माणसाचा असता, आणि त्याने फोन केला असता, तर तू जागा बदलली असतीस?”

जिन्यात कोणीतरी वर चढत होतं. ते निघून जाईपर्यंत तो थांबला. खोटं बोलायला तेवढा वेळ पुरेसा होता.

“बदलली असती.”

ताईने मान हलवली. तिचा आवाज चढला नाही.

“म्हणजे माझ्याशी लग्न केलं, एवढीच त्याची चूक,” ती म्हणाली, आणि दार लावून घेतलं.