भेंडी कापसाच्या फळीवर

औंधातल्या बियाण्याच्या दुकानाचा परवाना भाऊसोंच्या नावावर होता. भाऊसो गेले, आणि कचेरीतून कागद आला की नव्या परवान्याला शेतीचा अभ्यासक्रम पास झालेलं माणूस पाहिजे. त्यांच्या बायकोची, अर्जुनाबाईंची, शाळा तिसरीतच सुटलेली. मुलगा धुळा मदुरेला सोनं गाळायच्या दुकानात. राहिली सून मयूरी. ती साताऱ्याला वर्गाला बसली, लेखी पास झाली आणि तोंडी परीक्षेत आपटली.

"कशात गं?" अर्जुनाबाईंनी विचारलं.

"बी ओळखायचं, मग कूळ, हंगाम, उपयोग सांगायचा. बी सगळं ओळखलं, आत्या. भेंडी वांग्याच्या कुळात घातली. जवस करडईच्या."

"असं का घातलंस?"

"आपल्या दुकानात शेजारी असतात. आठवायला डोळ्यांपुढं फळ्याच आणल्या मी."

त्या फळ्या अर्जुनाबाईंनीच लावल्या होत्या, चाळीस वर्षांपूर्वी, गिऱ्हाईक मागेल तशा. तेलाचं एकीकडं, भाजीचं एकीकडं. म्हणजे सून नापास झाली ती त्यांच्या मांडणीनं. असलं बोलणं त्यांच्या तोंडून निघणं शक्य नव्हतं. त्यांनी पदर खोचला आणि म्हणाल्या, "शिडी आण."

सगळं दुकान खाली उतरलं. मयूरी पुस्तकातून कूळ वाचायची, अर्जुनाबाई फळी ठरवायच्या. "माल्व्हेसी. कापूस, भेंडी, अंबाडी."

"खरं हाय की. भेंडीचं फूल आन् कापसाचं फूल, दोन्ही पिवळी, आत काळं तोंड. अळीसुदीक दोघांस्नी एकच खाती. हे पुस्तकवाल्याला कवा कळलं?"

"पण एकाचं कापड, एकाची भाजी. तिथंच घोटाळा होतो."

"तुजा एक मामा पोलिसात, दुसरा आचारी. म्हणून ते भाऊ न्हवंत का? कामावरनं भावकी ठरत न्हाई. भावकी फुलावरनं ठरव, काम शेतकऱ्याला विचार, हंगाम पेरणीला विचार."

मग फळी म्हणजे कूळ झालं. हंगामाला डब्याच्या गळ्यात दोरी बांधली: खरिपाला हिरवी, रब्बीला पांढरी, उन्हाळ्याला लाल. भुईमुगाच्या डब्याला हिरवी आणि लाल अशा दोन दोऱ्या आल्या. तो तेलाचा, पण बसला तूर-हरभऱ्याच्या फळीवर. ज्वारी, गहू, मका गवताच्या फळीवर. करडई सूर्यफुलाशेजारी, कारण दोघांचं एक फूल म्हणजे शंभर फुलांचा गुच्छ. जवसाचं निळं, सुटं, पाच पाकळ्यांचं. त्याला फळी वेगळी, एकट्याला.

दुसऱ्या दिवशी नेहमीचे गिऱ्हाईक लालासाहेब भेंडीचं बी मागायला आले आणि कापसाची फळी बघत राहिले.

"आवं वैनी, भाजी कुठं गेली?"

"माहेरी गेली. ती बघा, कापसाशेजारी."

"डोकं फिरलंय का तुमचं?"

"माझं जाग्यावर हाय. तुमी नुसती खातासा, फूल कवा बघितलंय?"

महिनाभर हेच चाललं. भाकरी थापताना, केर काढताना अर्जुनाबाई अचानक विचारायच्या, "मोहरी?" आणि मयूरी म्हणायची, "ब्रासिकेसी, चार पाकळ्या फुलीसारख्या, रब्बी, तेल." एकही चुकलं की अर्जुनाबाई चहा द्यायच्या नाहीत.

फेरपरीक्षेला त्या साताऱ्याला बरोबर गेल्या. शिपायानं त्यांना खिडकीबाहेरच्या बाकावर बसवलं. आतला शब्द न् शब्द ऐकू येत होता. मयूरीनं अंबाडी सांगितली, जवस सांगितलं, भुईमूग दोन्ही हंगामांसकट सांगितला. मग साहेबांनी टेबलावर काहीतरी ठेवलं. "हे?"

"बटाटा, सर."

"कूळ?"

मयूरीनं बटाटा उचलून हातात फिरवला. बटाट्याचं बेणं दुकानात नव्हतंच कधी. त्याला ना फळी, ना डबा. उत्तर अर्जुनाबाईंना ठाऊक होतं, पण आत ओरडलं असतं तर पोरीला बाहेर काढलं असतं. जन्मात पहिल्यांदा त्यांनी जीभ दातांखाली धरली.

"सर, शेतात फुललेला बघितलाय," मयूरी हळू म्हणाली. "जांभळट, चांदणीसारखं फूल, मधी पिवळं टोक. वांग्याचं फूल तसंच. म्हणजे सोलॅनेसी. वांगी, टोमॅटो, मिरचीबरोबर."

"कांदा-बटाटा म्हणतात ना, मग कांद्याच्या कुळात का नको?"

"ते बाजारातलं झालं, सर. कांद्याचं फूल बटाट्याशी जुळत नाही."

"हंगाम?"

"पुस्तकात रब्बी. पण आमच्या खटाव तालुक्यात खरिपातही लावतात. दोन दोऱ्या."

"कसल्या दोऱ्या?"

"काही नाही, सर. उपयोग भाजी."

साहेब हसले आणि कागदावर सही केली.

मयूरी बाहेर आली. "आत्या, पास."

"ऐकलं मी. बहिरी न्हाई." अर्जुनाबाई उठल्या. सुनेला आत्ताच शाबासकी दिली तर उद्या डोक्यावर बसेल, असं त्यांना वाटलं. तरी त्यांनी तिच्या हातातली जड पिशवी काढून आपल्या खांद्याला लावली. "चल, कचेरी अजून उघडी आसंल. परवान्याच्या अर्जावर तुजं नाव घालू. आन् अक्षर मोठं काढ, मलासुदीक वाचता आलं पायजे."