एका ताटातली दोघं

"जुळी आहेत. पाण्याच्या पिशव्या दोन, पण बाळांना पोसणारी वार एकच," सोनोग्राफीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दर पंधरा दिवसांनी तपासायला हवं."

बाहेर येताच सासूबाई कडाडल्या, "थोरलीलाही जुळीच झाली. ती महिन्यातून एकदाच यायची! हे काय नसतं खूळ?"

धाकटी सून गप्प बसणाऱ्यातली नव्हती. "जाऊबाईंच्या बाळांना वार वेगवेगळी होती. माझ्या दोघांना एकच. एकाकडे रक्त जास्त गेलं, तर दोघांच्याही जिवावर बेततं. वेळेत दिसलं तर उपाय होतो. आई, तुम्ही दोन्ही लेकांना एका ताटात वाढून उठून जायचात?"

"छे! थोरल्याने सगळं फस्त केलं असतं."

"मग मीही राखणीला बसणार. यायचं तर सोबत या!"