परवा म्हणजे कधी

दाते सरांनी धर्मपालला मराठीतून प्रश्न विचारला तो चांगल्या मनानं, हे मी आधीच सांगून टाकतो. नाहीतर ऐकणारा म्हणेल, पुण्याचा माणूस आला आणि आमच्या पोराचं वाटोळं करून गेला. तसं नव्हतं. पोराला इंग्रजी बोलताना घाम फुटला होता, त्याची कीव येऊन ते म्हणाले, मराठीत बोलू या. आणि तिथंच सगळं फसलं.

एकोणसत्तर सालची गोष्ट. अमरावतीच्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शेवटच्या वर्षाची तोंडी परीक्षा चालू होती. विषय मीच शिकवलेला. दाते सर बाहेरचे परीक्षक आणि मी घरचा. घरच्या परीक्षकानं गप्प बसायचं असतं. माझ्यासारख्या अकोल्याच्या माणसाला गप्प बसवणं म्हणजे केवढी शिक्षा, ते ओळखीच्यांना विचारा.

धर्मपाल वानखडे भातकुलीचा. मागच्या वर्षी याच विषयात, याच तोंडी परीक्षेत नापास झालेला. अकोल्याकडच्या वीजघरात त्याची निवड झाली होती, पण पास झाल्याचा दाखला घेऊन परवा बारा वाजायच्या आत हजर झाला नाही तर जागा दुसऱ्याला जाणार होती. निकालही परवाच सकाळी लागणार होता. सकाळपासून तो भेटेल त्याला एकच विचारत होता, "सर, परवा लागंल ना? परवा नक्की ना?" परवा, परवा, परवा. दुसरा शब्द त्याच्या तोंडी नव्हता. मला तर चीड आली होती त्या शब्दाची.

दाते सर सावकाश म्हणाले, "हे बघा, आजच्या आउटपुटमधून कालच्याचे पाच षष्ठांश वजा करा. परवाच्याचा एक षष्ठांश त्यात मिळवा. हे बरोबर आजचं इनपुट. यंत्र आधी शांत आहे. शून्याव्या क्षणाला एकाचा झटका दिला, पुढं काहीच नाही. प्रत्येक क्षणाचं आउटपुट काढून दाखवा."

सोपा प्रश्न, बाप्पा. झेड ट्रान्सफॉर्म घेतला की कालचं म्हणजे झेडनं एकदा भागायचं, त्याच्या आधीचं म्हणजे दोनदा. समीकरणाची साधी बीजगणिताची बेरीज-वजाबाकी होते. मग छेदाचे अवयव पाडायचे, पार्शल फ्रॅक्शन, म्हणजे मोठ्या अपूर्णांकाचे सोपे तुकडे, करायचे आणि एकेका तुकड्याचं उत्तर उलट फिरवून लिहायचं. वर्गात हे मी इतक्या वेळा करून घेतलं होतं की खडूलाही पाठ झालं असेल.

धर्मपाल फळ्याकडे गेला. कालच्या आउटपुटला त्यानं झेडनं भागलं. बरोबर. आणि परवाच्याला झेडच्या वर्गानं गुणलं.

गुणलं. मागच्याला भागतात, पुढच्याला गुणतात; म्हणजे परवा त्यानं पुढचा धरला. येणारा. ज्या परवावर त्याचा जीव टांगलेला होता, तोच त्यानं फळ्यावर मांडून ठेवला.

मी दाते सरांकडे पाहिलं. ते पुढच्या मुलाचा कागद वाचत होते. फळ्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं. मी खोकलो. धर्मपालला वाटलं मी घाई करतोय, आणि तो आणखी भराभर लिहायला लागला. माझंच डोकं फिरलं होतं, त्याला काय बोलणार.

त्याचा छेद आला तो असा: झेडचा घन, अधिक सहा झेड, वजा पाच. आता याचे अवयव पाडून दाखवा कोणी माई का लाल असेल तर. त्यानं एक टाकून पाहिला, दोन उरले. पाच टाकला, दीडशे उरले. वजा एक, वजा पाच, दोन्ही गेले. नीट आकडाच बसत नव्हता, आणि बसणारही नव्हता. अवयव नाहीत तर तुकडे कशाचे करणार? त्यानं पुसलं, पुन्हा तेच मांडलं, पुन्हा तोच घन समोर. सदऱ्याची पाठ ओली झाली होती. खडू मोडला, उचलायला वाकला तर दोनदा हातातून सुटला. मला त्याच्याकडे पाहवेना. एक शब्द, फक्त "मागचा" एवढा एक शब्द मी बोललो असतो तर सुटला असता, पण परीक्षकानं सांगितलं तर पोराची परीक्षाच रद्द. ओठ घट्ट मिटून मी खुर्चीचा हात धरून बसलो.

दाते सरांनी घड्याळ पाहिलं आणि पेनाचं टोपण काढलं. म्हणाले, "होत नसेल तर राहू द्या."

धर्मपालनं ट्रान्सफॉर्म सोडून दिला आणि कोपऱ्यात मूळ समीकरण लिहून नुसता शून्यावा क्षण काढायला घेतला. आज काढायला कालचं हवं, ते शून्य. आणि परवाचं हवं. तिथं त्याचा हात थांबला. परवाचं अजून झालेलंच नव्हतं.

तो वळला. बोलला ते थेट घरच्या भाषेत, "सर, तुमचा परवा म्हंजे गेलेला का येनारा?"

दाते सरांची भुवई वर गेली. पुण्याच्या कानाला ते उद्धट वाटलं असणार, मी ओळखलं, आणि मला वाटलं, संपलं आता. मग त्यांनी पहिल्यांदाच फळा नीट पाहिला. झेडचा वर्ग पाहिला. त्यांचा चेहरा उतरला. ते हळू आवाजात म्हणाले, "गेलेला. अरेरे, चूक माझीच. गेलेला."

धर्मपालनं सगळा फळा पुसला. या वेळी छेद आला झेडचा वर्ग, वजा पाच षष्ठांश झेड, अधिक एक षष्ठांश. अवयव लगेच पडले: एक अर्ध्याचा, एक तृतीयांशाचा. वर झेडचा वर्ग होता, म्हणून तुकडे पाडण्याआधी त्यानं एक झेड भागून बाजूला ठेवला, मी शिकवलं होतं तसं. अर्ध्यावर आले तीन, तृतीयांशावर वजा दोन. मग तो झेड परत गुणला आणि उत्तर लिहिलं: अर्ध्याचा एनावा घात तिप्पट, त्यातून तृतीयांशाचा एनावा घात दुप्पट वजा. शून्य टाकून पाहिलं, एक आला. एक टाकला, पाच षष्ठांश. समीकरणाशी जुळलं.

"आणि पुढं काय होतं?" दाते सरांनी विचारलं.

"इझत जाते, सर, दिव्यावानी. दोनी घात लहान होत जातात. शेवटी शांत."

दाते सरांनी माझ्यासमोर पास होण्यापुरते नाही, त्याहून चांगले गुण मांडले. मी बाहेर आलो तर पोरगा व्हरांड्याच्या पायरीवर गुडघ्यात डोकं घालून बसलेला. निकाल आधी सांगायचा नसतो. गेला तो नियम खड्ड्यात. मी म्हणालो, "पास झालास. दाखला सकाळीच हातात मिळेल, मी उभा राहून घेऊन देतो. मग पहिली गाडी धर."

त्यानं मान वर केली. मला वाटलं हसेल. तो हसला नाही.

"सर, मागच्या साली बी मले असंच एक इचारायचं होतं. आपली बोली ऐकून हे लोक हसतीन म्हून इचारलं नाई." त्यानं तोंड पुसलं. "मागच्या साली माय होती, सर."

मी त्याच्या शेजारी पायरीवर बसलो.