इटालियनमधला खारीचा वाटा

चौतीस वर्षं मी नांदेडातल्या एका सरकारी कचेरीत टिपण्या लिहिल्या आणि एकाही टिपणीत 'मी' हा शब्द लिहिला नाही. 'आदेशानुसार सादर', 'मा. साहेबांच्या सूचनेनुसार', 'उचित निर्णयार्थ'. एवढ्या तीन शब्दप्रयोगांवर माणूस बिनडाग रिटायर होतो, हे मी नव्या पोरांना छाती ठोकून सांगायचो. दोन हजार सहा साली पेन्शनच्या जुन्या फाइली सापडाव्यात म्हणून मी एक यादी लावली. जी फाइल शोधायला आठ दिवस लागायचे ती दहा मिनिटांत निघू लागली. टिपणी मीच लिहिली, 'मा. साहेबांच्या कल्पनेतून'. साहेबांना बक्षिसाची ढाल मिळाली. त्या समारंभाच्या फोटोत मी टाळ्या वाजवतोय. सांगायचं म्हणजे, भाचीचं जे नुकसान झालं ते असल्या माणसाच्या हातून झालं.

बुद्धप्रिया ही माझ्या बहिणीची, चांगुणाची मुलगी. लातूरला संगमेश्वर सरांच्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत इंजिनियर. काम डाळमिलांचं. मिलमध्ये डाळ निवडायचं मशीन असतं. वरून डाळ पडते, कॅमेरा प्रत्येक दाण्याचा फोटो काढतो, आणि खडा किंवा जळका दाणा दिसला की मशीन हवेचा झोत मारून त्याला बाजूला उडवतं. पण हे मशीन आपल्या तुरीला फसायचं. सालीचा बारीक तुकडा चिकटलेली चांगली डाळसुद्धा जळकी समजून उडवून द्यायचं. शंभर किलोमागे चार किलो चांगली डाळ कचऱ्यात! बुद्धप्रिया आठ महिने मिलच्या धुळीत बसली, आणि तिनं असा प्रोग्राम लिहिला की चार किलोचा अर्धा किलो झाला. आज लातुरातल्या अकरा मिलांत तो चालतो. सगळे त्याला 'संगमेश्वर सरांचं सॉफ्टवेअर' म्हणतात.

अशी मशीनं बनवणारी एक कंपनी इटलीत आहे. तिला डाळी-कडधान्यांचं काम जाणणारा सॉफ्टवेअरवाला हवा होता, आणि कामापुरती इटालियन यायला हवी ही अट होती. आमची पोरगी दोन वर्षांपासून मोबाइलवरून इटालियन शिकतच होती. चांगुणा म्हणायची, "कोन बोलनाराय हिच्यासंग? भिंत?" आता संधी दारात उभी होती. नोकऱ्यांच्या साइटवर आपली माहिती दुसऱ्या भाषेतही ठेवता येते. तिकडच्या माणसानं पान उघडलं की त्याला त्याच्या भाषेतलं दिसतं. बुद्धप्रियानं स्वतःची ओळख इटालियनमध्ये लिहिली आणि रविवारी एस.टी. पकडून नांदेडला आली.

"मामा, टाकायच्या आधी तुमी एकदा बघा."

मला इटालियनमधलं 'इ' कळत नाही. पण आमच्या घरातला प्रत्येक अर्ज, तिच्या शिष्यवृत्तीपासून चांगुणाच्या रेशनकार्डापर्यंत, माझ्या नजरेखालून गेलाय. तिनं मराठीत अर्थ सांगितला आणि माझ्या अंगावर काटा आला.

"'प्रोग्राम मी लिहिला'? अगं, सर काय म्हनतील? लई आगाऊ वाटतं हे. न्हाई, न्हाई. कागद घे."

मी सांगत गेलो, ती लिहीत गेली. 'आदरणीय श्री. संगमेश्वर सर यांच्या मार्गदर्शनाखाली आणि प्रेरणेने राबवलेल्या डाळ प्रतवारी प्रकल्पात खारीचा वाटा उचलण्याची संधी मला लाभली. त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.' मग कॉलेज, मग प्राचार्यांचे आभार. चार किलोचा अर्धा किलो झाला ही गोष्ट मी सगळ्यात खाली ढकलली. आकडे आधी सांगू नयेत, फुशारकी वाटते.

तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं. काहीतरी म्हणणार होती, पण मामाचा शब्द मोडायची सवय नाही. सगळं नीट इटालियन करून तिनं साइटवर चढवलं. खारीचं मात्र तिला तिकडचं काही सापडेना, म्हणून 'एक लहानसा हातभार' असं लिहिलं. मी चहा टाकायला सांगितलं. काम फत्ते झाल्यासारखं वाटत होतं.

तीन आठवडे गेले. पान किती जणांनी पाहिलं ते साइट सांगते. एकतीस जणांनी पाहिलं होतं, त्यात त्या कंपनीचीही माणसं होती. निरोप कुणाचाच नाही. अर्जाची मुदत महिनाअखेरीस संपत होती.

मग एका गुरुवारी दुपारी तिचा फोन आला. आवाज अगदी सपाट होता.

"मामा, इटलीहून निरोप आलाय."

"अरे व्वा! काय म्हन्ते कंपनी?"

"मला न्हाई. सरांना आलाय."

झालं होतं असं. सरांनी तिला केबिनमध्ये बोलावून मोबाइल पुढे धरला. "बुद्धप्रिया, इटलीवाल्यांनी मला काहीतरी लिहिलंय. जरा वाचून सांग बरं." आणि तिनं, माझ्या भाचीनं, उभ्याउभ्या वाचून मराठीत सांगितलं, 'तुमच्या एका सहकारी मुलीच्या माहितीवरून कळलं की डाळ प्रतवारीचा प्रकल्प तुम्ही चालवलात. आम्हाला असाच माणूस हवा आहे. सोमवारी व्हिडिओवर बोलू या का?' सर खूश झाले. त्यांना लातूर सोडायचं नव्हतं, पण कंपनीशी धंदा जुळेल असं वाटलं. म्हणाले, "सोमवारी तू शेजारी बस. मी बोलतो ते त्यांना सांगायला."

फोन ठेवला. राग सरांचा आला नाही. त्यांनी काय केलं होतं? मीच कागदावर लिहून दिलं होतं की करणारा तो, ही नुसती हातभारवाली. ते फोटोतलं टाळ्या वाजवणं मी पोरीच्या गळ्यात बांधलं होतं. मला माझीच एवढी लाज वाटली की जेवण गेलं नाही.

रविवारी सकाळची पहिली लातूर गाडी धरली.

"मामा? आसं न कळवता?" बुद्धप्रिया दारातच म्हणाली.

"कागद घे. आन् मी जे जे सांगितलं होतं ते पहिलं खोड."

साइटच्या त्या रकान्यात मजकूर बराच मावतो, पण पान उघडलं की वरच्या तीनेक ओळीच दिसतात. पुढचं वाचायला बोट लावावं लागतं. हे तिनं मला तेव्हा दाखवलं. त्या तीन ओळींत मी सर, प्रेरणा आणि ऋण भरून ठेवलं होतं. बोट कोण लावणार?

"मामा, हे तवाच सांगायचं होतं मला," ती म्हणाली.

"मंग सांगितलं का न्हाईस?"

"तुमी मामा हाव."

मी चष्मा पुसला.

मग तिनं लिहिलं, तिच्या शब्दांत. 'मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे. तूरडाळ निवडणाऱ्या यंत्राचा प्रोग्राम मी लिहिला. शंभर किलोमागे चार किलो चांगली डाळ वाया जायची, आता अर्धा किलो जाते. लातूरच्या अकरा मिलांत हा प्रोग्राम रोज चालतो.' वरच्या तीन ओळी संपल्या. पुढे हे काम कशात लिहिलं, काय शिकायचंय, इटालियन किती येतं, इटलीत यायची तयारी आहे. सरांचं नाव ठेवायचं का, असं तिनं विचारलं.

"ठेव. जेवढं त्यांचं हाय तेवढं."

'मिलमालकांना तयार करणं आणि यंत्रं मिळवणं हे काम संगमेश्वर सरांनी केलं.' हे चौथ्या परिच्छेदात बसलं. खरं तेच होतं, आणि खरं लिहिल्यावर त्यात कुणाचा अपमान होत नाही, हे मला त्रेसष्टाव्या वर्षी कळलं. संध्याकाळपर्यंत तिनं ते सगळं इटालियन करून साइटवर चढवलं.

सोमवारी दुपारी मी सरांच्या ऑफिसात कोपऱ्यातल्या खुर्चीवर. "मामा आलेत? बसा, बसा," म्हणून सरांनी चहा सांगितला. पडद्यावर एक बाई आणि एक पांढऱ्या दाढीचे म्हातारे इंजिनियर. सर बोलायचे, बुद्धप्रिया इटालियनमध्ये सांगायची, त्यांचं मराठीत आणायची. नमस्कार-चमत्कार झाले. मग म्हाताऱ्यानं एक लांबलचक प्रश्न विचारला.

"सर, ते विचारतायत, साल चिकटलेली डाळ आन् जळकी डाळ, दोन्ही काळीच दिसते. मंग फरक कसा धरला?"

सरांनी पंख्याकडे पाहिलं. "ते… ते आपलं कॅमेऱ्यावरून… तूच सांग."

आणि पोरगी सुरू झाली! मध्ये मराठी नाही, सरांकडे बघणं नाही. पुढे तिनं मला सांगितलं ते असं. मिलमधला भागवत नावाचा जुना कामगार मूठभर डाळ उन्हात तिरकी धरायचा आणि बिनचूक सांगायचा, ही जळकी, ही चांगली. तो रंग बघतच नव्हता, चमक बघत होता. सालीच्या डागाला चमक असते, जळक्याची गेलेली असते. मग तिनं दोन बाजूंनी दोन दिवे लावून दोन फोटो घेतले, आणि दोन्हींतला फरक प्रोग्रामला मोजायला लावला. हे सांगताना तिचे हात डाळ तिरकी धरत होते. म्हातारा खुर्चीत पुढे सरकला, त्यानं चष्मा वर चढवला, मध्येच हसला, पुन्हा विचारलं, तिनं पुन्हा सांगितलं. मला एक अक्षर कळत नव्हतं आणि माझी छाती फुगत होती.

मग बाईनं समोरच्या कागदावर, बहुधा पोरीच्या नव्या मजकुरावरच, बोट ठेवून एक छोटा प्रश्न विचारला. बुद्धप्रिया थांबली. सरांना तिनं तो मराठीत सांगितला नाही. माझ्याकडे एकदा पाहिलं. मी मान हलवली.

"लो स्क्रित्तो इओ," ती म्हणाली.

"काय म्हनली ती?" सरांनी विचारलं.

"प्रोग्राम कोनी लिहिला, आसं विचारलं सर. मी म्हनले, मी लिहिला."

सरांनी कपाळावरून हात फिरवला. मग पडद्याकडे वाकून, स्वतःकडे बोट दाखवून त्यांनी जोरात मान हलवली, नाही म्हणून, आणि तिच्याकडे बोट दाखवलं. "शी! शी!" ते मोठ्यानं म्हणाले. "ऑल शी!"

बाई हसली. म्हातारा टाळ्या वाजवायला लागला.

नेमणुकीचं पत्र सतराव्या दिवशी आलं. आता परवान्याचे कागद चाललेत. इटलीतल्या कचेऱ्या आपल्यापेक्षा कमी नाहीत, हे बघून मला फार बरं वाटलं. ते कागद मीच लावतोय. सरांनी तिच्या निरोपाला पेढे वाटले, आणि तिकडच्या कंपनीचं लातूरचं काम त्यांनाच मिळालं.

परवा चांगुणा पेढे घेऊन आली. भिंतीवर तो साहेबांच्या ढालीचा फोटो आहे. सवयीनं म्हणाली, "तुमच्या सायबानं काय यादी लावली होती म्हनं, दादा."

"ती यादी मी लावली," मी म्हणालो.

वीस वर्षांत पहिल्यांदा म्हणालो. चांगुणानं फोटोकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि डब्यातला सगळ्यात मोठा पेढा माझ्या तोंडात कोंबला.